शुक्रवारी सकाळी साडेनऊचे साडेचार तारे

शुक्रवारचा पहिला शो सकाळी नऊचा. सिनेमा दोन तास पस्तीस मिनिटांचा. आधीच्या जाहिराती आणि मध्यंतर धरलं, तर प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत बारा वाजणार. आणि इकडे साडेनऊलाच एक्सवर निकाल लागलेला असतो: ‘ब्लॉकबस्टर! साडेचार तारे. सेकंड हाफ म्हणजे अंगावर काटा!’ सेकंड हाफ अजून सुरूच झालेला नसतो.

यावरून लगेच ‘पेड, पेड’ म्हणून ओरडायची घाई नको. गुरुवारी संध्याकाळी पत्रकारांसाठी खेळ झालेला असू शकतो. काही सिनेमांचे पेड प्रीव्ह्यू, म्हणजे तिकीट लावून केलेले आधीचे खेळ, आदल्या रात्रीच होतात, आणि आखातात बरेच भारतीय सिनेमे गुरुवारीच लागतात. साडेनऊ वाजता मत देणारा माणूस खोटाच असेल असं नाही. मात्र त्याने सिनेमा कुठे पाहिला असेल, हा प्रश्न मनात यायला हवा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्याने लिहिलेल्या मजकुरातच असतं.

सिनेमा पाहून आलेला माणूस कसा बोलतो ते आठवा. ‘बाप-लेकीचा स्टेशनवरचा सीन बरा आहे, पण त्या वकिलाचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. आणि गाणी दोन तरी कमी चालली असती.’ यात तक्रार आहे, अर्धवट कौतुक आहे, मध्यंतरानंतरच्या एखाद्या गोष्टीचा ओझरता उल्लेख आहे. पुरवलेला मजकूर वेगळा असतो. त्यात नायकाचं पूर्ण नाव, दिग्दर्शकाचं पूर्ण नाव, निर्मितीसंस्थेचं नाव, सगळी हँडलं व्यवस्थित टॅग केलेली. ‘करिअर-बेस्ट परफॉर्मन्स, भव्य दृश्यं, पार्श्वसंगीत लाजवाब, फॅमिली एंटरटेनर.’ यातला एकही शब्द ट्रेलरपलीकडे जात नाही. हे लिहायला सिनेमा पाहावा लागत नाही, कारण ते मुद्दे पीआर कंपनीने पाठवलेल्या कागदावरच असतात. लिहिणाऱ्याने फक्त क्रम बदललेला असतो, आणि कधीकधी तेवढेही कष्ट घेतलेले नसतात.

ते तपासायला दोन मिनिटं लागतात. संशय आलेल्या पोस्टमधला सहा-सात शब्दांचा एक तुकडा उचलायचा. ‘मस्ट वॉच’सारखा कुणीही लिहील असा नको, जरा विचित्र जुळणी असलेला हवा. तो अवतरणचिन्हांत घालून एक्सच्या शोधपट्टीत टाकायचा आणि सोबत तारखा द्यायच्या:

```
"इथे तो शब्दांचा तुकडा" since:2026-01-08 until:2026-01-10 -filter:retweets
```

`until`नंतरची तारीख शोधात धरली जात नाही, म्हणून शुक्रवार 9 तारखेचा असेल तर 10 लिहायची. शेवटच्या भागामुळे रीट्वीट गळतात, कारण आवडलेलं वाक्य पुढे पाठवणं हा काही गुन्हा नव्हे. शोध लागला की निकाल ‘लेटेस्ट’ या क्रमाने पाहायचे. तेच वाक्य अकरा खात्यांवरून वीस मिनिटांत आलं असेल, त्यातली चार खाती एरवी क्रिकेटवर आणि दोन मोबाइलच्या ऑफर्सवर बोलत असतील, तर चित्र पुरेसं स्पष्ट होतं. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे चूक. एकच चुकलेलं शुद्धलेखन, एकाच जागी पडलेलं जास्तीचं स्वल्पविराम सात ठिकाणी दिसलं, तर ते सात जणांना एकदम सुचलेलं नसतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कलाकाराने एका पेयाची जाहिरात करताना कंपनीने पाठवलेली ‘दुपारी चार वाजता खालील मजकूर टाका’ ही सूचनाही मजकुरासकट इन्स्टाग्रामवर चिकटवून दिली होती. इतकं उघड दान रोज पदरात पडत नाही.

एक खबरदारी मात्र हवी. बुकमायशोवर अभिप्राय देताना ‘सुपर डिरेक्शन’, ‘ग्रेट अ‍ॅक्टिंग’ असे तयार हॅशटॅग अ‍ॅपच पुढे करतं आणि माणूस बोटाने दोन-तीन निवडून मोकळा होतो. शेकडो अभिप्रायांत तेच तीन हॅशटॅग दिसले तर त्यात काही काळंबेरं नाही, ती अ‍ॅपची रचना आहे. तिथे हॅशटॅगखाली स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं काही आहे का, आणि नावाखाली तिकीट तिथूनच काढल्याची खूण आहे का, एवढंच बघावं. अर्थात ती खूण असली तरी तिकिटाचे पैसे कुणी भरले ते कळत नाही.

उघडपणे पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीबद्दल आपल्याकडे नियम आहेत, आणि ते पुरेसे नेमके आहेत. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे आस्कीची, इन्फ्लुएन्सरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं 14 जून 2021 पासून लागू झाली. व्हिडिओ पंधरा सेकंदांपर्यंतचा असेल तर ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘पार्टनरशिप’ अशा अर्थाची पाटी किमान तीन सेकंद दिसली पाहिजे. पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत ती एक तृतीयांश वेळ हवी, म्हणजे नव्वद सेकंदांच्या रीलमध्ये तीस सेकंद. दोन मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत जाहिरातीचा जो भाग असेल, तो संपेपर्यंत ती पडद्यावर राहिली पाहिजे. म्हणजे नव्वद सेकंदांच्या रीलमध्ये तीस सेकंद. पुढे जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही इन्फ्लुएन्सरांसाठी पुस्तिका काढली. तिच्यानुसार नुसते पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, प्रवास, हॉटेलातला मुक्काम हेही ‘संबंध’ ठरतात आणि ते सांगावे लागतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आहे.

मग पाटी दिसत का नाही? कारण ती शोधावी लागते. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं ‘more’वर बोट ठेवल्याशिवाय उघडत नाही, आणि पाटी असते तिथे, शेवटच्या हॅशटॅगांमध्ये, सिनेमाच्या आणि नायिकेच्या नावामध्ये चेपून बसवलेली. तेव्हा रील आवडली की आधी ‘more’ उघडायचं. मग खात्याच्या नावाखाली ‘Paid partnership’ आहे का ते बघायचं, यूट्यूब असेल तर व्हिडिओच्या सुरुवातीला कोपऱ्यात येणारं ‘Includes paid promotion’. आणि पोस्ट दोन खात्यांच्या नावाने आहे का तेही. रीलच्या वर इन्फ्लुएन्सरसोबत सिनेमाचं किंवा निर्मितीसंस्थेचं अधिकृत खातं सहलेखक म्हणून दिसत असेल, तर ते परीक्षण नव्हे, पाटी असो वा नसो.

एवढं करूनही शंका राहिली तर मेटाने स्वतःच एक खिडकी उघडी ठेवली आहे: `facebook.com/ads/library`. देश भारत निवडायचा, निर्मितीसंस्थेचं किंवा सिनेमाच्या पानाचं नाव टाकायचं. त्या घडीला फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्यांच्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती समोर येतात, कधी सुरू झाल्या तेही दिसतं. इन्फ्लुएन्सरची ‘सहज’ वाटलेली रील तिथे जाहिरात म्हणून चालताना सापडली, तर विषय संपला. पण व्यावसायिक जाहिरात बंद झाली की ती तिथून दिसेनाशी होते, शिवाय खर्चाचा आकडा मिळत नाही. त्यामुळे बघायचं तर शुक्रवारीच, महिन्याने नव्हे. आणि जे व्यवहार रोखीत, पाकिटात किंवा ‘पुढच्या सिनेमाची मुलाखत तुम्हालाच देऊ’ अशा शब्दावर होतात, ते कुठल्याच खिडकीतून दिसत नाहीत.

ट्रेलरच्या ‘चोवीस तासांत इतके कोटी व्ह्यूज’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या व्हिडिओच्या आधी जाहिरात म्हणून लावलेला ट्रेलर कुणी तीस सेकंद पाहिला, तरी तो व्ह्यूमध्ये धरला जातो. हा घोळ इतका वाढला, की 2019 मध्ये यूट्यूबने चोवीस तासांच्या विक्रमांसाठी संगीत व्हिडिओंचे जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत असं ठरवलं. सिनेमाच्या पोस्टरवर मात्र छापणारा जो आकडा छापेल तो आकडा.

आता रेटिंग. खरी गंमत इथे आहे, आणि बहुतेक लोक इथेच फसतात, कारण ते आकडा वाचतात. आकडा वाचायचा नसतो, आकार वाचायचा असतो.

आयएमडीबीवर सिनेमाच्या रेटिंगवर बोट ठेवलं की एक ते दहा ताऱ्यांचे दांडे उघडतात: किती जणांनी किती तारे दिले. बऱ्याच प्रेक्षकांनी सवडीने पाहिलेल्या बऱ्यावाईट सिनेमाचा आलेख टेकडीसारखा असतो. सहा-सात-आठच्या आसपास फुगवटा आणि दोन्हीकडे उतार. कारण सिनेमा पाहून आलेली बहुसंख्य माणसं ‘ठीक आहे’, ‘बरा आहे’, ‘चांगला आहे’ यांतच कुठेतरी असतात. मोहीम चालवणारा मात्र सात तारे देत नाही. पैसे घेतलेला दहा देतो, चाहता दहा देतो, आणि विरोधी गोटातला एक. त्यामुळे मोहीम लागलेल्या सिनेमाचा आलेख दोन टोकांना दोन मनोरे आणि मध्ये मोकळं मैदान असा दिसतो.

एक काल्पनिक पण नेहमी दिसतं तसं उदाहरण घेऊ. रविवारी रात्री एका नव्या सिनेमाला 5,200 मतं पडली आहेत. दहा ताऱ्यांना 70 टक्के, नऊला 5, आठला 4, सातला 3, सहाला 2, पाच, चार, तीन, दोन यांना प्रत्येकी 1 टक्का, आणि एका ताऱ्याला 12 टक्के. साधी सरासरी काढली तर 8.4 येते. पोस्टरवर ‘8.4’ दिमाखात झळकेल. आता दहा आणि एक ही दोन्ही टोकं बाजूला ठेवा. उरतात फक्त 18 टक्के, म्हणजे 936 माणसं. त्यांची सरासरी 6.9 आहे. सगळी टोकाची मतं विकत घेतलेली आहेत असा याचा अर्थ नाही. सिनेमा मनापासून आवडलेलीही काही माणसं त्या दहाच्या मनोऱ्यात उभी आहेत, आणि त्यांना आपण हिशेबातून उगाच हाकललं. म्हणून 6.9 हे ‘खरं रेटिंग’ नव्हे. पण 8.4 आणि 6.9 यांत दीड ताऱ्याचं अंतर पडतंय, हे सरासरीत लपलेलं होतं. शांत आलेखात दोन्ही आकडे जवळजवळ येतात.

यापुढची पायरी फारसं कुणी करत नाही, पण सगळ्यात उपयोगी तीच आहे. रविवारच्या आलेखाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. समजा आता एकूण मतं 12,000 झाली आणि दहा ताऱ्यांची 3,640 वरून 5,340 झाली. वजाबाकी करा. मधल्या काळात नवी मतं 6,800 आली आणि त्यांत दहा देणारे 1,700, म्हणजे 25 टक्के. पहिल्या तीन दिवसांत 70, नंतर 25. सिनेमा तोच. बदलले ते मत देणारे. आधी आले ते ठरवून आले, नंतर आले ते पाहून आले. ओटीटीवर सिनेमा आल्यावर हा फरक आणखी ठळक दिसतो, कारण तेव्हा तिकिटाचे पैसे आणि निष्ठा दोन्ही खर्च न केलेली माणसं मत देतात.

हिशेबाला मर्यादा आहेत. आयएमडीबी साधी सरासरी दाखवत नाही, ती मतांना कमी-जास्त वजन देते आणि ते कसं देते ते सांगत नाही, कारण सांगितलं तर मोहिमवाले त्याच दाराने आत येतील. मतदान असाधारण वाटलं तर ती हिशेबाची पद्धत बदलते आणि तशी सूचना पानावर लावते. मार्च 2022 मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’च्या पानावर अशी सूचना लागली होती आणि दहाच्या जवळ पोचलेलं रेटिंग खाली आलं. त्याच्या उलटं टोक म्हणजे ऑगस्ट 2020 मधला ‘सडक 2’. त्याचं रेटिंग पाहता पाहता दीडच्याही खाली गेलं, ते सिनेमाबाहेरच्या रागातून. या दोन्हींत कुणी कुणाला पैसे दिले होते असं म्हणायला आधार नाही, आणि हाच मुद्दा आहे. आलेखावरून मतदान सिनेमाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, एवढंच कळतं. त्यामागे पाकीट होतं की प्रेम की संताप, ते कळत नाही. मोठ्या नायकाचे चाहते एक पैसा न घेता रात्री जागून हे काम करतात, आणि पैसे घेणाऱ्यांपेक्षा चोख करतात.

आलेखात मनोरे दिसले की मग माणसं बघायची. दहा तारे देणाऱ्या पहिल्या पंधरा-वीस लिखित अभिप्रायांच्या नावांवर बोट ठेवून खाती उघडायची. खातं याच महिन्यातलं, एकच अभिप्राय, तोही याच सिनेमावर, असं एखादं असतंच. नवा माणूस कुठूनतरी सुरुवात करणारच. वीसपैकी चौदा तशी असतील तर गोष्ट वेगळी. त्याहून बोलकं खातं म्हणजे जुनं, पण फक्त एकाच निर्मितीसंस्थेच्या सिनेमांना दहा देणारं आणि त्याच आठवड्यात लागलेल्या दुसऱ्या सिनेमाला एक. असा माणूस प्रेक्षक नसतो, कार्यकर्ता असतो.

उलट्या दिशेचा धंदाही चालतो हे विसरू नये. पैसे द्या नाहीतर सिनेमा आपटवू, अशा तक्रारी निर्मात्यांकडून येत असतात. केरळात ऑक्टोबर 2023 मध्ये कोची पोलिसांनी नकारात्मक परीक्षणांच्या मोहिमेवरून गुन्हा नोंदवला आणि विषय तिथल्या उच्च न्यायालयातही गेला. त्यामुळे एका ताऱ्याच्या मनोऱ्याला दहाच्या मनोऱ्याइतकंच संशयाने बघावं. वरची वजाबाकी तिथेही चालते.

उरतं ते थिएटर. भारतात गल्ल्याचे आकडे मोजणारी अधिकृत यंत्रणा नाही. निर्माता सांगतो तो आकडा आणि ट्रेडवाले अंदाज बांधतात तो आकडा, असे दोन आकडे असतात, आणि पोस्टरवर जगभरातला ग्रॉस असतो, करासकट. पण तिकिटाच्या अ‍ॅपवर बसण्याचा नकाशा सगळ्यांना दिसतो. शो सुरू व्हायच्या अर्ध्या तासापूर्वी तो उघडायचा. माणसं आपणहून येतात तेव्हा मागच्या रांगांचा मधला भाग आधी भरतो, मग कडेचे कोपरे, आणि पुढच्या तीन रांगा शेवटी. दोन-दोन, चार-चार खुर्च्या भरलेल्या आणि मध्येच एक रिकामी, असा तो विस्कटलेला दिसतो. घाऊक खरेदीचा नकाशा नीटनेटका असतो. सगळ्यात स्वस्त पुढच्या रांगा सलग भरलेल्या, मागची महाग तिकिटं रिकामी. किंवा सकाळचा शो गच्च आणि त्याच पडद्यावरचा रात्रीचा ओस. व्यवसायात याला कॉर्पोरेट बुकिंग म्हणतात. नायक ज्या वस्तूची जाहिरात करतो, तिची कंपनीही कधी तिकिटं उचलते.

पण सलग रांग भरलेली दिसली म्हणजे लबाडीच, असं महाराष्ट्रात तरी म्हणता येत नाही. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायकांचे गट, भिशीचे, सोसायटीचे, शाळेच्या जुन्या मैत्रिणींचे, रांगाच्या रांगा धरून जात होते. नकाशा अगदी घाऊक खरेदीसारखा दिसला असता. फरक कळला तो पुढच्या आठवड्यात. त्या सिनेमाची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. विकत घेतलेली गर्दी अशी वाढत नाही, कारण पहिला शनिवार-रविवार पार पडला की तिच्यावर पैसे घालण्यात कुणाला रस नसतो. म्हणून ट्रेडमध्ये सगळ्यांची नजर सोमवारवर असते. सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या आसपास राहिला तर माउथ पब्लिसिटी खरी. निम्म्याहून खाली आला, तर तीन दिवस जे काही चाललं होतं ते जाहिरातीचं होतं. फक्त मध्ये सुट्टी आली आहे का आणि सोमवारपासून ‘एकावर एक फुकट’ लागलं आहे का, तेवढं पाहून घ्यावं. त्या योजनेत शोला गर्दी दिसते, पण निम्म्या भावात.

बुधवार-गुरुवारकडे पुढच्या आठवड्याचे शो अ‍ॅपवर चढू लागतात. थिएटरवाल्याला हॅशटॅगशी देणंघेणं नसतं, त्याला वीजबिल भरायचं असतं. दहा शोंचे चार झाले आणि थिएटरच्या मोठ्या हॉलमधून सिनेमा छोट्या हॉलमध्ये गेला, तर त्याने आपलं परीक्षण लिहून टाकलेलं असतं. हिंदी सिनेमाला ही खूण चांगली लागू पडते. मराठीला जपून लावावी. मराठी सिनेमाला पहिल्या आठवड्यातही दुपारी साडेबाराचा एकच शो मिळालेला असतो, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात तो गेला यावरून सिनेमाबद्दल काहीच कळत नाही. तिथे बघायचं ते एवढंच, की साडेबाराच्या त्या एकुलत्या शोला, कामाच्या दिवशी, मागच्या चार रांगा भरल्या होत्या का.